शुगर फ्री आहे, मग बिनधास्त खायचं?

‘शुगर फ्री आहे रे, कितीही खा!’ असं म्हणत चॉकलेटचा अख्खा बार फस्त करणारं कुणीतरी तुमच्याही ग्रुपमध्ये असेलच. पण जरा पाकीट उलटं करून बघा. साखरेच्या जागी बऱ्याचदा माल्टिटॉल दिसेल. हे एक शुगर अल्कोहोल आहे. नावात अल्कोहोल असलं तरी याने नशा वगैरे काही चढत नाही!

एक ग्रॅम साखरेतून 4 कॅलरी मिळतात, माल्टिटॉलमधून साधारण 2. म्हणजे निम्म्या, शून्य नव्हे. समजा, 100 ग्रॅमच्या बारमध्ये 40 ग्रॅम माल्टिटॉल आहे. साखरेच्या 160 कॅलरी झाल्या असत्या, त्या 80 च्या आसपास आल्या. पण त्यात 35 ग्रॅम फॅटही असेल, तर त्याच्या 315 कॅलरी जागच्या जागीच!

आता पोटाचं बघू. लहान आतडं माल्टिटॉल पूर्ण शोषून घेत नाही. उरलेलं तसंच पुढे सरकतं आणि आतड्यात पाणी ओढून घेतं. मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात, त्यातून गॅस तयार होतो. मग पोट गुडगुडतं, फुगतं आणि जास्तच झालं तर जुलाब होतात. एक-दोन तुकड्यांनी सहसा काही होत नाही, अख्ख्या बारने मात्र अनेकांचं पोट बिघडतं.

आणि हो, माल्टिटॉलने रक्तातली साखरही वाढते, फक्त साखरेपेक्षा कमी. त्यामुळे घरातल्या डायबेटिक आजोबांसाठी असा बार नेलात, तर तो मोजूनच द्या.