तिरक्या तुकड्याची लांबी

साखर कारखान्यात ऑफ-सीझनच्या दुरुस्तीत मी पाइप फिटिंग शिकत होतो. रसाची जुनी लाइन बदलायची होती आणि नवी लाइन एका पंपाच्या तोंडाला नेऊन जोडायची होती. पंपाचं तोंड लाइनपेक्षा ४०० मिलिमीटर वर होतं आणि ४०० मिलिमीटर उजवीकडे. दोन पंचेचाळीसचे एल्बो लावून मध्ये तिरका तुकडा टाकायचा होता. मी दोन्ही मापं मिळवली, एल्बोच्या मध्यापासून मध्यापर्यंत ८०० धरले, आणि लाइन अचूक जुळली. हिशेब सोपा आहे, असं मनात पक्कं झालं.

पुढच्या आठवड्यात दुसरा जोड आला. तिथे चढ होता १५० आणि सरक होती ६००. मी पुन्हा बेरीज केली, ७५० धरले आणि पाइप कापला. लावायला गेलो तर तुकडा सव्वाशे मिलिमीटर तोकडा. पाइप कापून झाल्यावर वाढत नाही. तो तुकडा बाजूला ठेवून नवा कापावा लागला. आमच्या मिस्त्रींनी मला जमिनीवर बसवलं, खडू हातात दिला आणि म्हणाले, "आधी पाइपच्या तोंडाकडून बघायला शीक."

पाइपची लाइन एकाच वेळी वर आणि बाजूला सरकते, तेव्हा फिटर त्याला रोलिंग ऑफसेट म्हणतात. दोन्ही टोकांचे पाइप समांतरच राहतात, पण एकाच्या रेषेत दुसरा नसतो. मधल्या तिरक्या तुकड्याच्या लांबीला ट्रॅव्हल म्हणतात आणि ती एल्बोच्या मध्यबिंदूपासून दुसऱ्या एल्बोच्या मध्यबिंदूपर्यंत मोजतात. टेप लावून ती थेट मोजता येत नाही, कारण ते दोन मध्यबिंदू अजून हवेतच असतात. हाती असतात फक्त दोन मापं: ओळंब्याने घेतलेला चढ आणि पाणसळीने घेतलेली सरक.

मिस्त्रींचं म्हणणं असं होतं. चढ ३०० आणि सरक ४०० आहे असं धरा. आता लाइनच्या टोकाशी उभे राहून पाइपच्या तोंडात सरळ बघा. पाइपची लांबी दिसेनाशी होते आणि समोर दोन वर्तुळं उरतात, एक इथे आणि दुसरं ४०० उजवीकडे, ३०० वर. या दोन केंद्रांमधलं सरळ अंतर म्हणजे काटकोन त्रिकोणाचा कर्ण. शाळेत शिकलेलंच आहे: ३०० चा वर्ग अधिक ४०० चा वर्ग, त्याचं वर्गमूळ ५००. हा झाला खरा ऑफसेट. मान थोडी कलती करून हा कर्ण उभा दिसेल असं बघितलं, तर समोरचा जोड म्हणजे ५०० मिलिमीटरचा साधा ऑफसेट आहे, दुसरं काही नाही.

मग बाजूने बघायचं. एल्बो पंचेचाळीस अंशांचा आहे, म्हणजे तिरका तुकडा जितका सरकतो तितकाच पुढेही जातो. ५०० सरकायला ५०० पुढे. तुकडा म्हणजे ५०० बाजू असलेल्या चौरसाचा कर्ण, आणि चौरसाचा कर्ण बाजूच्या १.४१४ पट असतो. ५०० गुणिले १.४१४, म्हणजे ७०७. हीच ट्रॅव्हल. कर्ण दोनदा काढायचा, एकदा समोरून आणि एकदा बाजूने. एल्बो तीस अंशांचा असेल तर १.४१४ च्या जागी २ येतात, साठ अंशांचा असेल तर १.१५५. पहिली पायरी मात्र कुठल्याही एल्बोला तीच राहते.

कॅल्क्युलेटर नसेल तरी अडत नाही. मिस्त्रींनी फरशीवर गुण्या लावून काटकोन आखला. एका रेषेवर ३०० ची खूण, दुसरीवर ४०० ची, आणि दोन खुणांमध्ये टेप धरला: ५००. मग दोन्ही रेषांवर ५०० च्या खुणा केल्या आणि पुन्हा टेप धरला: ७०७. एकही गुणाकार न करता लांबी हातात आली. माझे १५० आणि ६०० त्यांनी तसेच आखले. पहिला कर्ण आला साधारण ६१८, दुसरा ८७५. मी ७५० धरले होते. सव्वाशेचा हिशेब समोर उभा राहिला.

मात्र ७०७ हे कापायचं माप नाही. ते एल्बोच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं आहे आणि त्यातला काही भाग एल्बो स्वतःच व्यापतो. चार इंची पाइपच्या पंचेचाळीसच्या लाँग रेडियस एल्बोचं मध्यापासून तोंडापर्यंतचं अंतर ६४ मिलिमीटर असतं. दोन एल्बोंचे १२८ वजा केले की ५७९ उरतात. वेल्डिंगसाठी दोन्ही जोडांत ३ मिलिमीटरची फट ठेवली तर आणखी ६ गेले. पाइप कापायचा ५७३ ला. ७०७ चा तुकडा कापून मग एल्बो लावणारेही मी पाहिले आहेत. त्यांची लाइन पंपाच्या तोंडापुढे निघून जाते.

आता हा जोड बसवायचा कसा? दोन टोकं समांतर आणि मधला तुकडा दोघांना जोडणारा, म्हणजे तिन्ही रेषा एकाच पातळीत येतात. त्यामुळे हा जोड हवेत लटकून करावा लागत नाही. सपाट फरशीवर साधा ५०० चा ऑफसेट म्हणून दोन्ही एल्बो टॅक करायचे. दोन्ही टोकं फरशीला टेकली आणि त्यांच्या मध्यरेषांत सगळीकडे ५०० भरले, तर काम बरोबर. एखादं टोक उचललेलं दिसलं तर एक एल्बो फिरला आहे. तो फरशीवरच सोडवायचा, वर चढवल्यावर नाही.

मग तो तयार जोड उचलून लाइनला लावायचा आणि आडव्यापासून किती फिरवायचा ते ठरवायचं. ३०० ला ४०० ने भागलं की जो कोन येतो तो जवळपास ३७ अंश. चार इंची पाइपचा बाहेरचा व्यास ११४.३ मिलिमीटर, म्हणजे परीघ साधारण ३५९, एका अंशाला जवळजवळ एक मिलिमीटर. म्हणून पाइपच्या उजव्या अंगाला, मध्याच्या पातळीत खूण करायची आणि तिथून परिघावर टेपने ३७ मिलिमीटर वर जायचं. एल्बोच्या पाठीची मध्यरेषा पाइपवर आणल्यास ती या खुणेच्या बरोबर समोरच्या अंगाला यायला हवी. भागाकार उलटा झाला तर कोन ५३ येतो, आणि लाइन ४०० वर, ३०० बाजूला निघते. लांबी अचूक असूनही तोंड चुकतं.

राहिला माझा बेरजेचा हिशेब. चढ आणि सरक सारखे असतील तर ट्रॅव्हल त्यांच्या बेरजेइतकीच येते; ४०० आणि ४०० ला ८००. ३०० आणि ४०० लाही बेरीज ७०० होते, फक्त ७ मिलिमीटर कमी. पण मापं जितकी विषम, तितकी तूट वाढते, आणि बेरीज कधीच जास्त भरत नाही, नेहमी तोकडीच पडते. पहिल्या दिवशी जुळलेला तो जोड जमला होता, कारण दोन मापं योगायोगाने सारखी होती. दुसऱ्या दिवसापासून मी कापायच्या आधी फरशीवर खडूचे दोन कर्ण काढायला लागलो.