टाचणवहीतला परिमितीचा पाठ

गोखिवऱ्याच्या शाळेत चौथीला परिमिती शिकवायला लागले तेव्हा वसई ठाणे जिल्ह्यात होती, आणि पाठाचं टाचण हातानं, आडव्या रेघांच्या वहीत लिहायचं असे. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, उपयोजन, गृहपाठ हा क्रम डी.एड.ला पाठ करून घेतलेला होता. जर्मन तत्त्वज्ञ हर्बार्टच्या शिष्यांनी घातलेल्या पायऱ्या अशा फिरत फिरत आमच्या वहीत आल्या होत्या. माझं टाचण सुटसुटीत होतं. उद्दिष्ट : विद्यार्थ्यांना परिमितीची संकल्पना समजावून देणे. साहित्य : फळा, खडू, दोरी. प्रस्तावना : वाडीला कुंपण घालायला तार किती लागेल? गृहपाठ : पुस्तकातली उदाहरणे.

पुढे चौकट बदलत गेली. 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि आकारिक नोंदींचा रकाना जोडला गेला. 2014 च्या ऑगस्टमध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला. 2017 पासून अध्ययन निष्पत्तींची भर पडली. मग उद्दिष्टे, कृती, साहित्य, मूल्यमापन असा चार रकान्यांचा तक्ता संगणकावर भरायचा दंडक आला. बहुतेकांनी जुन्या वहीतली वाक्यं उचलली आणि जवळच्या रकान्यात टाकली. तासिका होती तशीच राहिली.

खरं काम वाक्यं हलवण्यात नव्हतंच. ‘समजावून देणे’ या क्रियापदाचा कर्ता शिक्षक आहे. मी समजावून दिलं की उद्दिष्ट पूर्ण, मुलाला कळो न कळो. कर्ता बदलला की वाक्य असं होतं : विद्यार्थी आयताच्या चारही बाजू मोजतो, परिमिती सेंटिमीटरमध्ये काढतो आणि ती म्हणजे काय ते स्वतःच्या शब्दांत सांगतो. आता ‘मोजतो’, ‘काढतो’, ‘सांगतो’ ही तिन्ही क्रियापदं शेवटच्या रकान्यात दिसली पाहिजेत. जुन्या गृहपाठात फक्त ‘काढतो’ होतं, कारण पुस्तकात बाजूंची मापं छापूनच येतात. मोजणं आणि सांगणं मी कधी तपासलंच नव्हतं.

म्हणून तक्ता डावीकडून उजवीकडे भरू नये. उद्दिष्टानंतर थेट मूल्यमापनाकडे जावं आणि कृती सगळ्यात शेवटी ठरवावी. या पाठात मूल्यमापनाला मी 20 सेंमी लांब आणि 15 सेंमी रुंद पुठ्ठा ठेवला. उत्तर 70 सेंमी आलं तर ठीक. 35 आलं तर मुलानं दोनच बाजू धरल्या. 300 आलं तर त्यानं गुणाकार केला, म्हणजे परिमिती आणि क्षेत्रफळ यांची गल्लत आहे. तीन उत्तरांवर उद्या कोणाला काय द्यायचं ते ठरतं. नुसतं ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ लिहून ते ठरत नाही. सूत्र घोकलेलं मूल ओळखायला दुसरा प्रश्न : इंग्रजी ‘एल’सारखी आकृती, बाजू क्रमानं 6, 2, 3, 2, 3 आणि 4 सेंमी. लांबी-रुंदीचं सूत्र इथे कोणत्या दोन बाजूंना लावायचं हेच मुलाला कळत नाही. कडेनं बोट फिरवणारा मात्र 20 सांगतो.

हे ठरल्यावर कृती सोपी झाली : पुठ्ठ्याभोवती दोरी लावायची, खूण करायची, सरळ करून मोजायची, मग बाजूंची बेरीज करून ताडून पाहायचं. साहित्याच्या रकान्यात ‘दोरी’ पुरत नाही हेही तेव्हा कळतं. चाळीस मुलांचे पाचापाचाचे गट म्हणजे आठ पुठ्ठे, आठ पट्ट्या आणि मीटरभर लांबीचे सुतळीचे आठ तुकडे. सुतळीच लिहावी, कारण ताणणारी दोरी बेरजेशी जुळत नाही आणि मुलांना वाटतं आपलंच चुकलं. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत मोजण्यालाच निम्मा वेळ जातो, म्हणून पुठ्ठे आधीच कापून ठेवावे लागतात.

प्रस्तावनाही बदलली. गावात औद्योगिक गाळे वाढले, वर्गात चाळीतून येणारी, घरी हिंदी-भोजपुरी बोलणारी मुलं आली. वाडीचं कुंपण त्यांच्या रोजच्या पाहण्यातलं नव्हतं. खोक्याला चिकटपट्टी किती लागेल, हे त्यांना लगेच कळलं.

नव्या चौकटीनं काही घालवलंही. फलकलेखनाचा आराखडा, म्हणजे फळ्यावर काय कुठे येईल आणि तास संपेपर्यंत काय पुसायचं नाही, याला चार रकान्यांत जागाच नाही. मुलं कुठे चुकतील यालाही नाही. जुन्या वहीच्या समासात या दोन्ही गोष्टी पेन्सिलीनं लिहिलेल्या असत, आणि पाठ खरा त्यांच्यावर चाले. नमुना बदलायचा अधिकार शिक्षकाला सहसा नसतो. पण मूल्यमापनाच्या रकान्यात ‘अपेक्षित चुका : 35, 300’ एवढं लिहायला कोणी अडवत नाही. जुनं टाचण नव्या तक्त्यात उतरवायला बसाल, तेव्हा समासातल्या त्या नोंदी आधी उतरवून घ्या.