दावा नाकारला, की नुसता बंद केला?

माझ्या खालाच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. तिच्या मुलाने बिल भरलं आणि विमा कंपनीकडे दावा पाठवला. दीड महिन्याने पत्र आलं आणि घरात एकच ओरड झाली, ‘क्लेम रिजेक्ट झाला!’

मी पत्र वाचलं. डिस्चार्ज कार्ड आणि बिलाचा तपशील न मिळाल्याने दावा ‘बंद’ करत आहोत, एवढंच त्यात होतं. पैसे देय आहेत की नाहीत, हे कंपनीने अजून ठरवलंच नव्हतं. अशा पत्राला तक्रार नव्हे, कागद हे उत्तर असतं. राहिलेले कागद आम्ही जुन्या दाव्याचा क्रमांक घालून, दावा पुन्हा उघडण्याच्या अर्जासह दिले आणि पोच घेतली. दावा उघडला.

‘रिजेक्ट’ हा शब्द लोक सैल वापरतात, कंपन्याही. खरं तर तो दारातूनच परत पाठवणं आहे: पॉलिसीची मुदत संपलेली, किंवा रुग्णाचं नाव पॉलिसीत नाही. इस्पितळात कॅशलेस नाकारलं तरी हाच शब्द ऐकू येतो. पण तेव्हा हक्क संपत नाही. बिल स्वतः भरून नंतर दावा करता येतो.

‘रिप्युडिएशन’ मात्र वेगळं. कंपनी कागद तपासते आणि पॉलिसीच्या कलमावर बोट ठेवून जबाबदारी झटकते. उदाहरणार्थ, ‘पॉलिसी घेताना मधुमेह लपवला.’ इथे तेच कागद पुन्हा पाठवून काही होत नाही, त्या कलमालाच उत्तर द्यावं लागतं. आरोग्य विमा सलग 60 महिने चालू असेल, तर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती लपवल्याचं कारण चालत नाही. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी नाही, वकील नाही.

खालाच्या खात्यात शेवटी 63,000 रुपये आले. बिल होतं 1,07,000. हा अंशतः मंजूर दावा, आणि इथेच बहुतेक घरं हिशेब न मागता गप्प बसतात. आम्ही मागितला. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला 3,000, आणि खालाची खोली 5,000 ची. म्हणजे 60 टक्केच मान्य. पाच दिवसांच्या 25,000 भाड्याचे 15,000 झाले. सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर यांचे 60,000 होते, त्यांचेही 36,000 झाले, कारण हे दर खोलीप्रमाणे चढतात. हातमोजे वगैरेंचे 2,000 देय नव्हते. इथवर ठीक. पण औषधं आणि तपासण्यांच्या 20,000 नाही 40 टक्क्यांची कात्री लावली होती. ही कपात त्यांना लागू होत नाही. तेवढा एकच मुद्दा आम्ही लिहून पाठवला. उरलेले 8,000 महिन्याभरात जमा झाले.