‘बुकिंग कन्फर्म’च्या खालचा बारीक मजकूर

हॉटेलचं बुकिंग झालं की मोबाइलवर मेल येतो. वर हिरवी बरोबरची खूण, हॉटेलचा फोटो आणि जाड अक्षरांत एकूण रक्कम. आपण स्क्रीनशॉट काढतो, घरच्यांच्या ग्रुपवर टाकतो आणि थेट बॅगा भरायच्या दिवशी तो मेल पुन्हा शोधायला लागतो. तोवर त्यातली सगळ्यात कामाची तारीख बहुधा उलटून गेलेली असते. म्हणून हे कन्फर्मेशन वाचायचं ते आल्या दिवशीच, फुकटात रद्द करण्याची सोय चालू असताना. त्यात काही खटकलं तर त्या दिवशी आपल्या हातात काहीतरी असतं.

समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. ठाण्याचं कुटुंब, आई-वडील आणि सात वर्षांची मुलगी. उत्तर गोव्यात 22 ते 25 डिसेंबर, तीन रात्री, एका पोर्टलवरून बुकिंग. पहिल्या दोन रात्री खोलीचा दर 7,000 रुपये, नाताळच्या आदल्या रात्री 9,500. खोलीचे झाले 23,500. पोर्टलचं कूपन वजा 1,500. त्याखाली ‘टॅक्सेस अँड फीज’ 2,882. एकूण 24,882 रुपये, आगाऊ भरलेले. आकडे माझे आहेत, पण मांडणी कुठल्याही कन्फर्मेशनमध्ये दिसते तशीच आहे.

आधी दराचा प्रकार बघायचा. तो खोलीच्या नावालाच चिकटलेला असतो: ‘डिलक्स रूम, CP, फ्री कॅन्सलेशन’ असं काहीतरी. यातलं CP म्हणजे नाश्ता धरून. EP म्हणजे नुसती खोली, MAP म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, AP म्हणजे तिन्ही वेळचं. फोटोत नाश्त्याचं टेबल दिसलं म्हणून नाश्ता मिळतोच असं नाही. ही दोन-तीन अक्षरं काय म्हणतात ते खरं. दुसरा भाग पैसे परत मिळण्याचा. तीच खोली Non-refundable दरात साधारण थोडी स्वस्त दिसते आणि आपण भुलतो. आपल्या उदाहरणात दहा टक्के कमी पडले असते, म्हणजे 2,350 रुपये वाचले असते, आणि त्या बदल्यात 21,150 रुपये पणाला लागले असते. सुट्टी मंजूर झाली आहे, तिकिटं हातात आहेत, घरात कुणी आजारी नाही, तर घ्यावा तो दर. शाळेचं वेळापत्रक अजून लागायचं असेल तर नको.

‘पे ॲट हॉटेल’ लिहिलेलं असलं की आपण कधीही रद्द करू शकतो, असा एक गोड गैरसमज आहे. पैसे कधी द्यायचे आणि रद्द केल्यावर किती कापायचे या दोन वेगळ्या अटी आहेत. हॉटेलने कार्डाचा तपशील घेऊन ठेवला असेल तर मुदत संपल्यावर ते त्यातून पैसे कापू शकतात.

आता मुदत. आपल्या कन्फर्मेशनमध्ये तीन ओळी आहेत: 19 डिसेंबर दुपारी 1.59 पर्यंत रद्द केल्यास खोलीचे पूर्ण पैसे परत. तिथपासून 21 डिसेंबर दुपारी 1.59 पर्यंत पहिल्या रात्रीचं भाडं कापणार. त्यानंतर काहीच परत नाही. 1.59 ही वेळ आली कुठून? चेक-इन दुपारी दोनला आहे, आणि मुदत त्या वेळेपासून मागे मोजली आहे. ‘तीन दिवस आधी’ एवढंच डोक्यात ठेवून कुणी 19 तारखेला रात्री जेवण उरकून निवांत रद्द करायला बसला, तर त्याची मुदत दुपारीच संपलेली असते. पहिल्या रात्रीचे 7,000, त्यावरचा 350 कर आणि पोर्टलचं 472 रुपयांचं सुविधा शुल्क जाऊन हाती येतील 17,060 रुपये. कापलेल्या भाड्यावर कर का, असा प्रश्न पडेल. रद्द करण्याच्या शुल्कावरही मूळ सेवेसारखाच जीएसटी लागतो, असं केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने 2022 च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. सुविधा शुल्क तर बहुतेक पोर्टलं फुकट रद्द करण्याच्या मुदतीतही परत देत नाहीत. तेही त्याच मजकुरात एका ओळीत लिहिलेलं असतं.

वेळेचा आणखी एक सापळा आहे. ‘19 डिसेंबर, 12:00 AM पर्यंत’ असं लिहिलं असेल तर ती 18 तारखेची मध्यरात्र. म्हणजे 19 तारीख उजाडायच्या आतच सगळं संपलं. परदेशातल्या हॉटेलची वेळ सहसा तिथल्या घड्याळाची असते: बँकॉकमध्ये रात्रीचे 11.59 होतात तेव्हा आपल्याकडे 10.29 झालेले असतात. अशी मुदत दिसली की लगेच फोनमध्ये गजर लावावा, आणि तो भारतीय वेळेने, एक दिवस आधीचा. रद्द केल्यावर पोर्टलवरून तसा मेल येतो का ते बघावं. रिसेप्शनवर फोन करून ‘आम्ही येत नाही’ सांगितलं, याला पोर्टलच्या लेखी काही किंमत नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ करांच्या ओळीत असतो. 22,000 वर 2,882, म्हणजे साधारण तेरा टक्के. जीएसटीचा असा दर तर नाहीच. हॉटेलच्या खोल्यांवर 22 सप्टेंबर 2025 पासून दोन दर आहेत: एका खोलीचं एका दिवसाचं भाडं 7,500 रुपयांपर्यंत असेल तर 5 टक्के, त्याहून जास्त असेल तर 18 टक्के. 7,500 पर्यंतच्या बहुतेक खोल्यांवर त्याआधी 12 टक्के होता, म्हणून जुन्या पावत्यांशी ताळा जमणार नाही. यात ‘एका दिवसाचं’ हे महत्त्वाचं. तीन रात्रींची सरासरी काढायची नाही. प्रत्येक रात्र स्वतंत्र. पहिल्या दोन रात्रींवर 350-350 रुपये. नाताळच्या आदल्या रात्रीच्या 9,500 वर 18 टक्क्यांनी 1,710. मिळून 2,410. राहिले 472. ते सरकारचे नाहीतच. 400 रुपये पोर्टलचं सुविधा शुल्क आणि त्यावर 18 टक्क्यांनी 72 रुपये जीएसटी. ‘टॅक्सेस अँड फीज’ या एका नावाखाली सरकार आणि दुकानदार असे शेजारी बसवलेले असतात, आणि शिव्या मात्र एकट्या सरकारला पडतात. त्या ओळीवर बोट ठेवलं की बहुतेक ॲपमध्ये फोड उघडते. उघडून बघावी.

कूपनाची गंमत तर वेगळीच. समजा खोली 7,900 ची आहे. हॉटेलने स्वतःच 500 रुपये सूट दिली तर भाडं 7,400 झालं, ते 5 टक्क्यांत आलं, कर 370 आणि एकूण 7,770. तीच 500 ची सूट पोर्टलने आपल्या खिशातून कूपन म्हणून दिली, तर हॉटेलच्या लेखी भाडं 7,900 च राहतं. कर 1,422, आणि कूपन वजा जाऊन आपल्याला पडतात 8,822. दोन्हीकडे ‘500 रुपये वाचले’ अशीच हिरवी पट्टी, आणि फरक हजाराहून जास्त. म्हणून भाडं 7,500 च्या आसपास घुटमळत असेल तेव्हा हॉटेलला थेट फोन करून त्यांचा दर विचारायला हरकत नाही. फोड उघडल्यावर ‘हॉटेल डिस्काउंट’ आणि ‘कूपन डिस्काउंट’ वेगळे दाखवलेले असतात; कर कोणत्या रकमेवर लावलाय हे तिथूनच कळतं.

एकूण रक्कम भरली म्हणजे सगळं भरलं असंही नाही. ‘हॉटेलवर देय’ किंवा ‘इन्क्लूड नाही’ अशा शीर्षकाखाली काय आहे ते वाचायचं. गोव्यात डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात इथे हमखास दिसणारा शब्द म्हणजे गाला डिनर. 24 आणि 31 तारखेच्या रात्री अनेक हॉटेलं हे जेवण सक्तीचं करतात, माणशी वेगळे पैसे लावून. आपल्या कुटुंबाचा मुक्काम नेमका 24 च्या रात्री आहे. CP दरात ते जेवण धरलेलं नाही, आणि मुलीचे वेगळे लागतील का, हेही विचारून ठेवलेलं बरं.

मुलीचा विषय निघालाच आहे तर पाहुण्यांची ओळ बघा. ‘1 रूम, 2 ॲडल्ट्स’ एवढंच असेल तर बुकिंग करताना मूल टाकायचं राहिलंय. पाच वर्षांपर्यंत फुकट, पुढे बारापर्यंत जादा गादीविना अमुक रुपये, अशी काहीतरी पायरी प्रत्येक हॉटेलची असते आणि ती ‘चाइल्ड पॉलिसी’त लिहिलेली असते. सात वर्षांची मुलगी फुकटच्या पायरीत बसत नसेल तर काउंटरवर जादा पैसे मागतात, आणि तेव्हा वाद घालून उपयोग नसतो.

ओळखपत्राचे नियमही इथेच. आधार, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट चालतो. पॅन कार्ड पुष्कळ ठिकाणी चालत नाही, कारण त्यावर पत्ताच नसतो. ते प्रत्येक प्रौढ माणसाचं लागतं, फक्त बुकिंग करणाऱ्याचं नव्हे. ‘लोकल आयडी नॉट अलाउड’ ही ओळ असेल तर त्याच शहराचा पत्ता असलेल्याला खोली मिळत नाही. सोबत परदेशी नागरिकत्व घेतलेली आत्या किंवा काका असतील, तर मूळ पासपोर्ट आणि व्हिसा किंवा ओसीआय कार्ड जवळ हवं. घरची माणसं असली तरी हॉटेलला त्यांची नोंद परदेशी पाहुणे म्हणून सरकारला कळवावी लागते.

राहिली वेळ. कोकणकन्येने रात्री निघून सकाळी थिवीला उतरलं, तर खोली मिळायला दुपारचे दोन. लवकर चेक-इन ‘उपलब्धतेनुसार’ लिहिलेलं असतं, आणि नाताळात उपलब्धता नसते. सामान ठेवून घ्या एवढं मात्र बहुतेक हॉटेलं ऐकतात. उलट बाजूने, गाडीने निघून घाटात अडकलात आणि पोचायला पहाटेचे तीन वाजणार असतील, तर कागदावर ती 22 तारखेचीच रात्र आहे. हॉटेलने ‘नो-शो’ मारला तर पुष्कळदा त्या एका रात्रीवर भागत नाही, उरलेल्या दोन रात्रींचं बुकिंगही सुटतं. म्हणून कन्फर्मेशनवरचा हॉटेलचा नंबर आधीच सेव्ह करावा. प्रवासाच्या दोन-चार दिवस आधी त्यावर फोन करून पोर्टलचा बुकिंग नंबर न सांगता नाव आणि तारखा सांगाव्या, आणि त्यांच्या रजिस्टरमध्ये बुकिंग दिसतंय का, कोणत्या दरात दिसतंय आणि यायला उशीर होणार असल्याची नोंद घेतली का, हे विचारावं. पोर्टलवर ‘कन्फर्म’ आणि रिसेप्शनवर ‘तुमचं नाव नाही’ असं असेल, तर ते फोनवर कळलेलं केव्हाही परवडतं.