अंड्याच्या फेसावर फुलणारा स्पंज

जेनवाझ हा फ्रेंच बेकरीतला एक मूळ स्पंज आहे. त्याचे नाव इटलीतल्या जिनोआ शहरावरून पडले. थरांचे केक आणि पेस्ट्री यांच्या तळाशी तो वर्षानुवर्षे वापरला जात आहे. या केकमध्ये बेकिंग पावडर नसते, खायचा सोडाही नसतो. अंडी आणि साखर एकत्र फेटताना जी हवा फेसात अडकते, तिच्यावरच तो फुलतो. म्हणून त्याच्या कृतीत दोनच टप्पे अवघड आहेत. आधी फेसात भरपूर हवा भरायची आणि नंतर मैदा मिसळताना ती जाऊ द्यायची नाही.

प्रमाण लक्षात ठेवायला सोपे आहे. एका अंड्यामागे 30 ग्रॅम साखर आणि 30 ग्रॅम मैदा धरतात. 20 सेंटिमीटर व्यासाच्या गोल टिनसाठी 4 अंडी, 120 ग्रॅम पिठीसारखी बारीक साखर, 120 ग्रॅम मैदा आणि 30 ग्रॅम वितळवलेले लोणी पुरते. अंडी लहान असतील तर संख्येवर न जाता वजन पाहावे. कवच काढल्यावर ती साधारण 200 ग्रॅम भरायला हवीत. मैदा दोनदा चाळून, टिनच्या तळाला कागद लावून आणि ओव्हन 180 अंशांवर तापवून झाल्यावरच अंडी फोडावीत, कारण तयार मिश्रण थांबत नाही. ते जितका वेळ पडून राहील तितका फेस बसत जातो.

नुसता पांढरा भाग फेटला तर तो चटकन फुलतो. पूर्ण अंड्याला मात्र वेळ लागतो, कारण बलकातली चरबी फेस धरू देत नाही. ही अडचण ऊब दूर करते. अंडे कोमट झाले की ते पातळ होते, बुडबुड्यांभोवती त्याचा पडदा लवकर पसरतो आणि हवा सहज आत शिरते. शिवाय साखर पूर्ण विरघळते. विरघळलेल्या साखरेमुळे बुडबुड्यांमधला द्रव दाट होतो, तो हळूहळू निथळतो आणि फेस टिकतो.

त्यासाठी एका पातेल्यात दोन बोटे पाणी घेऊन ते गरम करतात. पाण्याला खळखळून उकळी नको, फक्त वाफ येत राहावी. त्यावर फेटायचे भांडे असे ठेवतात की त्याचा तळ पाण्याला टेकणार नाही. साखर अंड्यात घातल्याबरोबर ढवळायला लागायचे. ती बलकावर तशीच पडून राहिली तर बलकातले पाणी ओढून घेते आणि कडक कण तयार होतात. या वेळी जोराने फेटण्याची गरज नसते, पण व्हिस्क सतत फिरता हवा आणि तो भांड्याच्या तळाला व कडांना लागत राहायला हवा. अंड्याचा पांढरा भाग 60 अंशांच्या आसपास आळू लागतो, आणि न ढवळलेले मिश्रण आधी तळाशीच शिजते. मिश्रण साधारण 43 अंशांवर आले की भांडे उतरवायचे. थर्मामीटर नसेल तर थेंबभर मिश्रण दोन बोटांत चोळून पाहावे. ते अंगापेक्षा किंचित गरम लागावे आणि साखरेचा एकही कण बोटांना जाणवू नये. मिश्रणात शिजलेल्या अंड्याचे धागे दिसले, तर ऊब जास्त झाली असे समजावे. त्या अंड्यांचा चांगला स्पंज होत नाही.

भांडे खाली घेतल्यावर इलेक्ट्रिक बीटर जोरात चालवायचा. पहिल्या मिनिटात वर मोठे, विरळ बुडबुडे येतात आणि रंग पिवळाच राहतो. मग बुडबुडे बारीक होत जातात, पिवळा रंग फिकट होऊन मलईसारखा होतो आणि बीटरच्या वाटा मिश्रणात उमटू लागतात. आठ-दहा मिनिटांत आकारमान जवळजवळ तिप्पट होते आणि भांड्याची ऊब गेलेली असते. हे गार होणेही महत्त्वाचे आहे. उबेत पातळ झालेले मिश्रण थंड होताना पुन्हा दाटते आणि आत शिरलेली हवा पकडून ठेवते.

फेस तयार झाला की नाही हे ओळखण्याची खूण म्हणजे रिबन. बीटर वर उचलून खाली पडणाऱ्या धारेने मिश्रणावर इंग्रजी आठचा आकडा काढावा. आकडा पूर्ण होईपर्यंत त्याची सुरुवात बुडून गेली, तर आणखी फेटायला हवे. आकडा आठ-दहा सेकंद स्पष्ट राहिला, तर फेस झाला. शेवटची दोन मिनिटे बीटर अगदी मंद ठेवतात. त्याने मोठे बुडबुडे फुटून लहान आणि एकसारखे बुडबुडे उरतात, आणि केकची जाळी बारीक पडते.

आता मैदा. तो एकदम ओतला तर त्याच्या वजनाने फेस दबतो आणि मैद्याचा गोळा थेट तळाशी जातो. म्हणून तीन वाटे करून, प्रत्येक वाटा चाळणीतून पृष्ठभागावर सगळीकडे भुरभुरवतात. मिसळण्याची रीत कट अँड फोल्ड या नावाने ओळखली जाते. रबरी स्पॅच्युला उभा धरून मिश्रणाच्या मधोमध खाली न्यायचा, तळावरून आपल्याकडे ओढायचा आणि कडेने वर आणून मिश्रण हलकेच उलटे टाकायचे. प्रत्येक फेरीला दुसऱ्या हाताने भांडे थोडे फिरवायचे. गोल गोल ढवळल्यास बुडबुडे फुटतात आणि मैद्यातले ग्लुटेन ताणले जाऊन केक चिवट होतो. मैदा बहुतेक तळाशी लपतो, त्यामुळे दर फेरीला तळ खरवडला जायला हवा. कोरडा मैदा दिसेनासा झाला की हात थांबवावा.

लोणी सर्वांत शेवटी घालतात, कारण चरबी फेसाचा पडदा फोडते. कोमट लोणी एका वाटीत घेऊन त्यात दोन-तीन चमचे मिश्रण आधी नीट कालवतात. ते वजनाला मूळ मिश्रणाच्या जवळ येते, बुडत नाही, आणि मोजक्या चार-पाच फेऱ्यांत मिसळते. मिश्रण लगेच टिनमध्ये ओतून 25 ते 30 मिनिटे भाजायचे. पहिली 20 मिनिटे ओव्हन उघडू नये. कडा टिनपासून सुटल्या आणि मधोमध बोटाने दाबल्यावर खळगा न राहता पृष्ठभाग वर आला, म्हणजे केक झाला.

काय चुकले ते कापलेला तुकडा सांगतो. तळाशी ओलसर, रबरासारखी पट्टी असेल तर लोणी खाली बसले आहे. पांढरे ठिपके म्हणजे न मिसळलेला मैदा. मोठी, वेडीवाकडी भोके दिसली तर शेवटचे मंद फेटणे राहून गेले आहे. सगळाच केक बुटका आणि घट्ट झाला असेल, तर एक तर रिबन येण्याआधी फेटणे थांबले किंवा मैदा मिसळताना हात जास्त फिरला. या दोन चुकांतली नेमकी कोणती झाली हे टिन भरतानाच कळू शकते. रिबन नीट आली होती, पण ओतताना मिश्रण पाण्यासारखे सरसर वाहिले, तर हवा मैदा मिसळताना गेली. ते जाड घडी पडत, संथपणे टिनमध्ये उतरले, तर फेस शाबूत आहे.