मुखपृष्ठावरील चेहरा आणि अक्षरे

दिवाळीच्या सुमारास पुस्तकांच्या दुकानात दिवाळी अंक एका ओळीत मांडलेले असतात. पुष्कळदा एक अंक दुसऱ्यावर असा ठेवलेला असतो की, खालच्या अंकाचा वरचा किंवा डावा भागच काय तो दिसतो. ग्राहक त्यांच्यासमोरून जातो. त्याची दृष्टी प्रथम चेहऱ्यावर जाते, नंतर अंकाच्या नावावर आणि मग जमल्यास एखाद्या मथळ्यावर. मुखपृष्ठ रचणाऱ्याला या तिघांना एकाच पानावर नांदवायचे असते. चेहऱ्यावर अक्षरे चढली तर चेहरा जातो आणि अक्षरेही वाचता येत नाहीत.

मराठीत दिवाळी अंकाची परंपरा १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने सुरू केली. पुढे दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांच्यासारख्या चित्रकारांनी अंकांची मुखपृष्ठे रंगवली. चित्रकाराला एक सोय होती. अंकाचे नाव कोठे येणार हे ठाऊक असल्याने तो तेवढे आकाश किंवा भिंत मोकळी ठेवूनच चेहरा रंगवू शकत असे. छायाचित्राच्या बाबतीत ही सोय आपोआप मिळत नाही. छायाचित्र आधी निघते आणि अक्षरांचा विचार नंतर सुरू होतो. मुखपृष्ठावरील बहुतेक अडचणींचे मूळ या क्रमात आहे.

एक उदाहरण घेऊ. जयपूरमध्ये राहणाऱ्या काही मराठी कुटुंबांनी मिळून एक दिवाळी अंक काढायचे ठरवले आहे, असे समजू. अंकाचे नाव ‘पणती’. मुख्य लेख जयपूरच्या लहरिया कापडावर आहे. हे कापड तिरके गुंडाळून, ठरावीक अंतरावर दोऱ्याने घट्ट आवळून रंगात बुडवतात. त्यामुळे त्यावर तिरप्या रेघांच्या लाटा उमटतात. मुखपृष्ठासाठी एका वृद्ध रंगाऱ्याचे छायाचित्र निवडले आहे. डोक्यावर लहरियाचा साफा, अंगात पांढरा सदरा, मागे गेरूच्या छटेची गुलाबी भिंत. १८७६ साली इंग्लंडच्या युवराजाच्या भेटीच्या वेळी शहर या रंगाने रंगवले गेले, आणि तेव्हापासून तो रंग जयपूरशी जोडला गेला आहे.

अंकाचा आकार २१० बाय २९७ मिलिमीटर आहे. छपाईनंतर कागदाच्या कडा कापल्या जातात. कापणी किंचित सरकली तरी कडेला पांढरी रेघ दिसू नये म्हणून छायाचित्र प्रत्येक बाजूने ३ मिलिमीटर जास्त घेतात. म्हणजे छायाचित्र २१६ बाय ३०३ मिलिमीटर लागते. उत्तम छपाईसाठी दर इंचाला ३०० बिंदू धरले, तर ते रुंदीत सुमारे २५५० आणि उंचीत ३५८० बिंदूंचे असावे लागते. एवढे बिंदू आजच्या साध्या कॅमेऱ्यातूनही मिळतात. उणीव भासते ती चेहऱ्याभोवतीच्या मोकळ्या जागेची.

आता मांडणी सुरू होते. अंकाचे नाव पानाच्या वरच्या कडेपासून १५ मिलिमीटर सोडून खाली ६० मिलिमीटरपर्यंत बसवले. रंगाऱ्याच्या हनुवटीपासून साफ्याच्या टोकापर्यंतची उंची १३० मिलिमीटर भरली. हनुवटी वरून १७५ मिलिमीटरवर ठेवली. तेव्हा साफ्याचे टोक ४५ मिलिमीटरवर गेले आणि नावाचा खालचा १५ मिलिमीटर भाग साफ्याशी भिडला.

अनेक इंग्रजी मासिकांत अशा वेळी डोके सरळ नावाच्या पुढे आणतात आणि नावाची एकदोन अक्षरे झाकतात. ही युक्ती जशीच्या तशी उचलण्यापूर्वी देवनागरीची घडण पाहावी लागते. देवनागरीत शिरोरेषा सर्व अक्षरांना समान असते. ट, ठ, ड, ढ, द ही अक्षरे शिरोरेषेतून एका लहान दांडीनेच खाली उतरतात आणि त्यांचे वेगळेपण त्या दांडीखाली सुरू होते. उकार आणि ऋकार तर अक्षराच्या पायाशीच असतात. ‘पणती’ मधील ‘ण’ चे तीन दंड शिरोरेषेतून खाली येतात, आणि त्यांतील पहिल्या दोघांना जोडणारी वाटोळी तळाशी असते. साफ्याने नेमका तो तळ झाकला की तीन उभ्या रेघा उरतात आणि वाचकाला ‘ण’ ओळखता येत नाही. भ-म, घ-ध यांसारख्या जोड्यांत फरक वरच्या बाजूला असतो, हे खरे. परंतु डोके नेहमी खालून वर येते, त्यामुळे धोका तळालाच अधिक. ज्याचे नाव वाचकाला वर्षानुवर्षे पाठ आहे, त्या नियतकालिकाने एखादे अक्षर झाकले तरी चालते. पहिल्यांदाच निघणाऱ्या अंकाला हे परवडणारे नाही.

नाव चेहऱ्याच्या मागे ठेवायचेच असेल, तर अक्षराचे कोणते टोक डोक्याच्या कोठे येते हेही पाहावे लागते. अमेरिकेतील ‘टाइम’ साप्ताहिकाच्या नावातील ‘एम’ अक्षराची दोन टोके २०१५ मध्ये हिलरी क्लिंटन यांच्या छायाकृतीच्या डोक्यावर शिंगांसारखी दिसली आणि त्याची चर्चा झाली. तसे याच साप्ताहिकाच्या पूर्वीच्या अनेक मुखपृष्ठांवरही घडले होते. देवनागरीत शिंगाचे काम वेलांटी आणि रफार करतात. ‘ती’ ची वेलांटी डोक्याच्या मागून वर डोकावली, तर साफ्यात कुणी आकडा खोचल्यासारखे दिसेल.

तेव्हा ‘पणती’ साठी छायाचित्र लहान करून पाहिले. ते ९० टक्के केले. साफा-चेहऱ्याची उंची ११७ मिलिमीटर झाली, आणि हनुवटी तेथेच असल्याने साफ्याचे टोक ५८ मिलिमीटरवर आले. आता नावाशी गाठ केवळ २ मिलिमीटरची राहिली. कागदावर हे सुधारल्यासारखे वाटते, परंतु डोळ्यांना हीच स्थिती सर्वांत वाईट दिसते. साफा अक्षराला नुसता चिकटल्यासारखा दिसतो आणि वाचकाची नजर त्या चिकटलेल्या बिंदूवर अडते. दोन वस्तू एकमेकींवर यायच्या असतील तर स्पष्टपणे याव्यात, नाहीतर त्यांच्यात स्पष्ट अंतर असावे.

म्हणून छायाचित्र ८५ टक्के केले आणि हनुवटी १७८ मिलिमीटरवर उतरवली. साफ्याचे टोक सुमारे ६७ मिलिमीटरवर आले. नावाखाली ७ मिलिमीटर भिंत दिसू लागली. डोळे पानाच्या मध्याच्या थोडे वर राहिले. मात्र नवी अडचण आली. पूर्वी पान भरून टाकणारे छायाचित्र आता रुंदीत जवळजवळ ३२ मिलिमीटर कमी पडू लागले. साधी भिंत संगणकावर वाढवता येते, पण हे काम जपून करावे लागते. ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाने फेब्रुवारी १९८२ च्या अंकासाठी आडव्या छायाचित्रातील गिझाचे पिरॅमिड उभ्या मुखपृष्ठात बसावेत म्हणून एकमेकांच्या जवळ सरकवले होते, आणि त्यावर बरीच टीका झाली. भिंतीचा रंग पुढे नेणे आणि पाहिलेल्या वस्तूची जागा बदलणे यांत फरक आहे. तरीही सर्वांत निर्धोक मार्ग म्हणजे छायाचित्रकाराने दोन पावले मागे जाऊन, कॅमेरा उभा धरून, डोक्यावर आणि एका बाजूला भिंत सोडून दुसरे छायाचित्र घेणे. येथे तसेच केले, आणि रंगाऱ्याला पानाच्या मध्यापासून थोडे उजवीकडे घेतले.

या सरकवण्याला कारण होते. रंगाऱ्याचा चेहरा किंचित डावीकडे वळलेला आहे. माणूस जिकडे पाहतो तिकडे वाचकही पाहतो. डावी बाजू मोकळी राहिली तर तेथे मथळे बसतात आणि चेहराच वाचकाला त्यांच्याकडे नेतो. एकावर एक रचलेल्या अंकांत डावी पट्टी उघडी राहिली, तर तीच पट्टी ग्राहकाशी बोलते. उलट, मथळे त्याच्या पाठीमागे ठेवले असते तर तो त्यांच्याकडे पाठ फिरवून बसल्यासारखा दिसला असता.

डाव्या कडेपासून १२ मिलिमीटर सोडून ६३ मिलिमीटर रुंदीचा एक स्तंभ मिळाला. त्याच्या उजव्या कडेपासून गालापर्यंत साधारण २५ मिलिमीटर भिंत मोकळी राहिली. ही मोकळी भिंत रिकामी वाटून तेथेही काही छापण्याचा मोह संपादकांना हटकून होतो, पण चेहरा उठून दिसतो तो तिच्यामुळेच. स्तंभात तीन लहान मथळे १८ पॉइंटात बसवले, एकेका ओळीत दोन किंवा तीन शब्द. अंकात चौदा लेख आहेत म्हणून चौदाही लेखकांची नावे मुखपृष्ठावर यावीत, असा आग्रह मंडळातून होतोच. ती नावे अनुक्रमणिकेत शोभतात. मुख्य मथळा ४० पॉइंटात, दोन ओळींत, हनुवटीच्या बऱ्याच खाली पांढऱ्या सदऱ्यावर ठेवला. लहरियाच्या साफ्यावर एकही अक्षर टाकले नाही, कारण तिरप्या रेघांवर अक्षरांच्या रेघा हरवतात.

दोन ओळींच्या मथळ्यात देवनागरी पुन्हा आपली जागा मागते. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या, मात्रा एकमेकींत अडकतात. ४० पॉइंटाच्या अक्षरांसाठी दोन ओळींतील अंतर ५६ पॉइंट, म्हणजे सुमारे २० मिलिमीटर धरले, तेव्हा ओळी सुट्या झाल्या. रोमन लिपीसाठी ठरवलेले अंतर संगणकातून तसेच आले असेल, तर ते हाताने वाढवावे लागते.

रंगाच्या बाबतीत पहिला प्रयत्न फसला. लहान मथळे लाल रंगात, उठावदार दिसतील म्हणून घेतले होते. परंतु लाल आणि गेरूची गुलाबी छटा यांचा उजेड जवळपास सारखाच. रंग काढून टाकून पान करड्या छटांत पाहिले, तर अक्षरे भिंतीत विरघळली. पांढऱ्या अक्षरांचीही तीच गत, कारण भिंत पुरेशी गडद नव्हती. मग अक्षरांना काळी किनार आणि पिवळी सावली देण्याची सूचना आली. तशी दिलेली अक्षरे वाचता येतात, पण ती इतकी ओरडतात की चेहरा मागे हटतो. अखेरीस साफ्यातील एका रेघेचा गडद जांभळा रंग उचलून सर्व मथळ्यांना दिला. तो भिंतीवर आणि सदऱ्यावर, दोन्हीकडे स्पष्ट उमटला.

शेवटची तपासणी संगणकाच्या पडद्यावर केली नाही. मुखपृष्ठ खऱ्या आकारात छापून, कडा कापून, दोरीवर चिमट्याने अडकवले आणि दहा पावलांवरून पाहिले. नंतर तेच पान ४ सेंटिमीटर रुंदीत लहान छापून हातात धरले. दुरून प्रथम रंगाऱ्याचे डोळे दिसले, मग ‘पणती’, मग सदऱ्यावरील मथळा. लहान प्रतीत मात्र स्तंभातील दुसऱ्या मथळ्याचा शेवटचा शब्द साफ्याच्या सुटलेल्या शेवाला टेकल्यासारखा दिसत होता. तो शब्द पुढच्या ओळीत घेतला आणि पान छापखान्याकडे गेले.