डॅनियल सेल आणि नर्न्स्टचं गणित

फर्स्ट इयरच्या मित्रांनो, केमिस्ट्रीच्या लेक्चरला इलेक्ट्रोकेमिकल सेलची स्लाइड लागली की खाली एक ओळ असते:

Zn | Zn²⁺ || Cu²⁺ | Cu

ही ओळ म्हणजे १८३६ साली डॅनियलने बनवलेल्या सेलचं चित्रच समजा. डावीकडे झिंक विरघळतं आणि इलेक्ट्रॉन सोडतं, म्हणून तो अॅनोड. इलेक्ट्रॉन वायरमधून उजवीकडे जातात आणि तिथे Cu²⁺ आयन ते घेऊन तांबं बनून बसतात, तो कॅथोड. उभी एक रेघ म्हणजे धातू आणि द्रावण यांची सीमा, जोडरेघ म्हणजे सॉल्ट ब्रिज.

आता व्होल्टेज. टेबलमध्ये तांब्याचं स्टँडर्ड पोटेन्शियल +०.३४ आणि झिंकचं −०.७६ व्होल्ट आहे. दोन्ही आकडे हायड्रोजन इलेक्ट्रोडला शून्य धरून मोजलेले. कॅथोडमधून अॅनोड वजा केला की १.१० व्होल्ट येतात. पण 'स्टँडर्ड' या शब्दाची अट विसरू नका: दोन्ही द्रावणं १ मोलर. सेल चालू झाला की Cu²⁺ कमी होतात, Zn²⁺ वाढतात आणि ही अट मोडते. तिथून पुढचा हिशोब नर्न्स्टचा. २५ अंश सेल्सिअसला:

E = E° − (0.0591/n) log Q

इथे n = २, आणि Q म्हणजे [Zn²⁺] भागिले [Cu²⁺]. घन धातू Q मध्ये येत नाहीत.

समजा दोन्ही बाजूंना सारखंच द्रावण आहे आणि ९९ टक्के Cu²⁺ संपले. तांबं उरलं ०.०१ मोलर, झिंक झालं १.९९ मोलर. Q = १९९, त्याचा लॉग साधारण २.३. त्याला ०.०२९६ ने गुणलं की ०.०७ येतं. म्हणजे E = १.०३ व्होल्ट. सेल जवळजवळ रिकामा, पण मीटरवर जेमतेम ०.०७ चा फरक! लॉगमुळे Q दहापट झाला तरी व्होल्टेज फक्त ०.०३ ने उतरतं. म्हणून या सेलमध्ये किती माल शिल्लक आहे, हे नुसतं व्होल्टेज बघून कळणं कठीण. E शून्य व्हायला Q सुमारे १०³⁷ व्हावा लागतो. तोच समतोल, तेव्हाच सेल खऱ्या अर्थाने 'मेला'.

पेपरात बहुतेकांचे मार्क जातात ते Q उलटा लिहिल्यामुळे. वरच्या गणितात तसं केलं तर १.१७ येईल. मी एक साधी तपासणी करतो: कच्चा माल कमी झाला, तर व्होल्टेज उतरलंच पाहिजे. ते चढलं, तर Q उलटा पडलाय.

एक मर्यादाही ध्यानात असू द्या. दाट द्रावणात आयन एकमेकांना अडवतात, त्यामुळे मोलॅरिटी घालून काढलेलं उत्तर थोडं चुकतं. शिवाय हे गणित करंट न घेता मोजलेल्या व्होल्टेजचं आहे. बल्ब जोडलात तर सेलच्या आतल्या रेझिस्टन्समुळे मीटर आणखी कमी दाखवेल, आणि त्यात नर्न्स्टचा काही दोष नाही.